लाल म्हणजे खरा सर्व्हर

शनिवारी दुपारी निवृत्तीभाऊंनी चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट केला आणि मळवलीतला एक बंगला एकाच वेळी दोन कुटुंबांना मिळाला.

दोन्ही कुटुंबं वेळेवर पोचली. बंगल्याचा केअरटेकर गोरख आम्हाला फोन लावत राहिला, पण आमचे सगळे फोन इतर बंगल्यांच्या भांडणांत गुंतले होते. शेवटी त्याने स्वतःच्या अकलेने एकेका कुटुंबाला एकेक मजला दिला आणि मधल्या जिन्यात सगळ्यांसाठी चहा ठेवला. रविवारी निघताना दोन्ही कुटुंबांनी मिळून जानेवारीचं बुकिंग केलं. त्यामुळे सोमवारी अनिता मॅडमना नेमकं कशावर चिडायचं ते कळेना. पण चिडायचं शनिवारीच ठरलं होतं, म्हणून त्या चिडल्या.

आमचं ऑफिस लोणावळ्यात, एका चिक्कीच्या दुकानावर. मळवलीपासून इकडे वरपर्यंतचे बंगले आम्ही मुख्यतः शनिवार-रविवारसाठी भाड्याने देतो. मॅडम मालक. मानसी फोनवर. मी वेबसाइट बघतो, म्हणजे वेबसाइट बंद पडली की लोक माझ्याकडे बघतात. आणि निवृत्तीभाऊ सर्व्हर बघतात. हे सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी शहरात भाड्याने घेतलेले दोन कंप्युटर. ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नाहीत. एका काळ्या खिडकीत कमांड टाइप करून त्यांना कामं सांगायची. त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. त्यातला एक सर्व्हर लाइव्ह, म्हणजे खरा, ज्याच्यावर गिऱ्हाईकं बुकिंग करतात. दुसरा नुसता तालमीचा.

टर्मिनलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीन आधी स्वतःचं नाव लिहितं आणि मग आपण टाइप करायची वाट बघतं. त्या नावाच्या तुकड्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आमच्या दोन मशीनची नावं कंपनीकडून आली होती तशीच ठेवलेली. आकडे, मधे आडव्या रेघा, पुन्हा आकडे. दोन नावांत फरक फक्त एका आकड्याचा, तोही मधेच कुठेतरी. अक्षरं बारीक आणि काळ्यावर राखाडी. शनिवारी भाऊंना तालमीचं मशीन रीस्टार्ट करायचं होतं. खरं झालं, चालू असलेली बुकिंगं अर्धवट तुटली आणि गेलेले बंगले पुन्हा रिकामे दिसायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा चुकीच्या मशीनवर कमांड गेली, तर सर्व्हरचं काम मी पुण्याच्या एजन्सीला देईन."

हे बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर धुकं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. भाऊ बेडस्याचे, साठीच्या जवळ आलेले. तळेगावच्या एका कारखान्याच्या कंप्युटर विभागात त्यांचं आयुष्य गेलं, मग कारखाना गेला. आता या पट्ट्यात त्यांना दुसरीकडे कोणी ठेवून घेणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मॅडमनाही.

वर गुरुवारी मोठं काम होतं. लाइव्ह सर्व्हर जुना झाला होता. सगळं सामान एका नव्या, तिसऱ्या सर्व्हरवर हलवायचं आणि जुना पुसून परत करायचा. त्याचं भाडं गुरुवारीच संपत होतं आणि गिऱ्हाइकांच्या ओळखपत्रांचे फोटो त्यावर ठेवून तो परत देणं बरोबर नव्हतं. पुसायचं काम भाऊंचं. म्हणजे तिसऱ्या वेळेची तारीख जवळपास ठरलीच होती.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की, भाऊंचा स्क्रीन असा करून दे की मलासुद्धा कळलं पाहिजे कुठलं मशीन कुठलं आहे. मी हो म्हणालो. मॅडमना अजून प्रिंटर कुठला ते कळत नाही, पण ते मी बोललो नाही.

काम सोपं होतं. प्रॉम्प्ट कसा दिसावा हे प्रत्येक मशीनवरच्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. मी लाइव्हच्या फाइलीत प्रॉम्प्टला लाल रंग दिला, तालमीच्या फाइलीत हिरवा. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे चल. लहान मुलालाही समजतं. मग टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन भाऊंच्या खिडकीतले फाँट जवळजवळ दुप्पट मोठे केले. फाँटही बदलला. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल वेगळे ओळखू येतील असा घेतला. त्या फाँटमध्ये शून्याच्या पोटातून तिरपी रेघ जाते. भाऊंनी बराच वेळ ते शून्य न्याहाळलं आणि विचारलं, हे शून्य रद्द केलंय का.

मी म्हणालो, नाही भाऊ, चालू आहे.

"मग फुली कशाला मारली?"

त्यांची आणखी एक इच्छा होती. आकड्यांपेक्षा मराठीत नाव लिहिता आलं तर बरं. मी तेही करून बघितलं, तालमीच्या मशीनला 'मळवली' नाव दिलं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर देतं आणि त्या घरात वेलांटी कुठे राहणार हे त्याला ठरवता येत नव्हतं. वेलांटी शेजारच्या घरात गेली. खोडताना तर अर्धी मळवली पुसली जायची आणि अर्धी राहायची. भाऊ म्हणाले, राहू दे, गावाचे हाल नकोत. मी इंग्रजीवर परत आलो.

मंगळवारी भाऊंची तक्रार आली. ओळ स्वतःच्याच अंगावर चढते म्हणे.

मला काही समजलं नाही. मी माझ्या जागेवरून त्याच मशीनवर गेलो, कमांड टाइप केल्या, सगळं ठीक होतं. मी म्हणालो, भाऊ, चष्म्याचा नंबर बघून घ्या. ते म्हणाले, चष्मा गेल्याच महिन्यात केलाय. मी म्हणालो, मग सवय होईल. ते जेवणानंतर पुन्हा आले आणि शांतपणे सांगितलं की, कमांड लांब झाली की पुढची अक्षरं खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येतात आणि मशीनचं नाव खातात. मानसी म्हणाली की तिला असं एकदा तापात झालं होतं.

शेवटी मी उठून त्यांच्या खुर्चीत बसलो. लांब कमांड टाइप केली. अक्षरं उजव्या काठाला पोचली, वळली आणि त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन लाल नाव गिळत पुढे निघाली. शनिवारपेक्षा वाईट अवस्था होती. शनिवारी निदान नाव होतं.

चूक माझी होती. रंग बदलायची खूण आपल्याला दिसत नाही, पण शेल, म्हणजे आपल्या कमांडी वाचून घेणारा तो प्रोग्रॅम, ती अक्षरं म्हणून मोजतो. या खुणा मोजू नको असं त्याला सांगायला खुणेच्या दोन्ही बाजूंना तिरपी रेघ आणि चौकोनी कंस द्यावे लागतात. ते मी दिले नव्हते. त्यामुळे त्याला प्रॉम्प्ट होता त्यापेक्षा लांब वाटत होता आणि ओळ कुठे संपते याचा त्याचा हिशोब चुकत होता. माझ्या खिडकीत अक्षरं बारीक, ओळ रुंद, माझ्या कमांडी छोट्या. त्या कधी काठापर्यंत पोचल्याच नाहीत. भाऊंच्या मोठ्या अक्षरांत काठ लगेच यायचा.

मी कंस घातले, दोन्ही मशीनवर. ओळ सरळ खाली जायला लागली. मी भाऊंची माफी मागितली आणि मनात ठरवलं की इथून पुढे हा माणूस स्क्रीनवर हत्ती दिसतोय म्हणाला तरी आधी हत्ती शोधायचा.

तासाभरात भाऊ म्हणाले, "आकाश, दोन्ही मशीनचा रंग एकच दिसतोय बघ."

मी हत्ती शोधायला लागलो.

आधी फाइली तपासल्या. लाइव्हमध्ये लाल होता, तालमीत हिरवा होता. मग टर्मिनल मशीनला स्वतःची ओळख काय सांगतं ते बघितलं, कारण ती चुकीची असेल तर रंग येत नाहीत. ओळख बरोबर होती. किती रंग दाखवता येतात ते विचारलं, त्याने दोनशे छप्पन्न सांगितले. मग टर्मिनलची रंगांची पेटी बदलली, एकापाठोपाठ एक. एका पेटीत लाल गुलाबी झाला, एकीत हिरवा पोपटी. प्रत्येक वेळी भाऊ डोळे बारीक करून म्हणायचे, दोन्ही सारखंच, जरा खाकीकडं झुकतंय. मी मॉनिटरची केबल बदलली. मग मॉनिटर बदलला, म्हणजे मानसीचा त्यांना दिला आणि त्यांचा मानसीला. मानसीने विचारलं की तिचा मॉनिटर आजारी का पाडतोय. बुधवारी दुपारपर्यंत मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकत होतो.

माझ्या डोळ्यांना सगळा वेळ लाल लाल दिसत होता आणि हिरवा हिरवा. पण आदल्याच दिवशी मी या माणसावर विश्वास ठेवला नव्हता आणि तोंडावर पडलो होतो. त्यामुळे मी स्वतःच्या डोळ्यांना मोजत नव्हतो.

शेवटी मानसी चहा घेऊन आली, भाऊंच्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, केलास की छान, लाल-हिरवं. मी म्हणालो, भाऊंना दोन्ही एकच दिसतंय. ती म्हणाली, कसं काय. भाऊ म्हणाले, "तुमी दोघं आधीच ठरवून आलाय." आणि मग चहाचा घोट घेऊन म्हणाले की असं त्यांच्याबरोबर पूर्वीही झालंय.

तरुणपणी त्यांनी रेल्वेत इंजिनावर सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. परीक्षा पास झाले, मुलाखतीपर्यंत गेले, मग मेडिकल. डॉक्टरने एक पुस्तक समोर धरलं. पानावर नुसते रंगीत ठिपके. डॉक्टर विचारतो, आकडा सांगा. पानावर आकडा नाही. पुढचं पान, आकडा सांगा. तिथेही नाही. भाऊंच्या पुढच्या-मागच्या पोरांनी धडाधड आकडे सांगितले. भाऊंना तिथेच कळून चुकलं की आकडे आधी फोडलेले आहेत. ज्याने वशिला लावला त्याला आकडे माहीत, ज्याने नाही लावला तो घरी. त्या डॉक्टरला ते तेव्हापासून शिव्या देत आले होते. लग्नांत, दहाव्यांत, ग्रामसभेत. बेडस्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. भ्रष्टाचाराचं उदाहरण म्हणून ती एकदा शाळेतल्या भाषणातही आली होती.

गोष्ट संपली. मानसीने माझ्याकडे बघितलं, मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो सत्तर टक्के झाला होता. मी तो थांबवला.

कसं सांगायचं ते मी ठरवत होतो, तेवढ्यात मानसीने मोबाइलवर तसलंच ठिपक्यांचं चित्र काढून भाऊंच्या समोर धरलं. ती फोनवर दिवसभर लोकांना नाही म्हणत असते, तिला आडवळण जमत नाही.

"भाऊ, आकडा सांगा."

"यात आकडा न्हाई."

"सोळा आहे."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, सोळाच आहे भाऊ. त्यांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि ते जिना उतरले. आम्ही खिडकीतून बघितलं. ते चिक्कीच्या दुकानासमोर उभे राहून पर्यटकांना अडवत होते. एका बाईंनी बघून सांगितलं, एका काकांनी सांगितलं, रेनकोटातल्या एका पोराने सांगून वर विचारलं की यात काय बक्षीस आहे. दुकानदारानेही गिऱ्हाईक सोडून सांगितलं. भाऊ वर आले. अंगावर पाऊस होता. मोबाइल पुसून त्यांनी मानसीला दिला.

म्हणाले, "एवढी माणसं ठरवून येणार न्हाईत."

मग ते लवकर घरी गेले.

मी मॅडमना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एजन्सी गुरुवारपर्यंत थांबली नसती. त्यापेक्षा प्रॉम्प्टच असा करायचा की रंगावर काही अवलंबून राहणार नाही. तालमीच्या मशीनला साधी एक ओळ ठेवली. लाइव्हला दोन ओळी दिल्या: वरच्या ओळीत पांढऱ्या पट्टीवर काळ्या ठळक अक्षरांत, इंग्रजीत, LIVE एवढा एकच शब्द, आणि कमांड खालच्या ओळीत लिहायची. लांबूनही आकारच वेगळा दिसत होता. आकड्यांचं ते लांबलचक नाव मी दोन्हीकडून काढून टाकलं. ते कोणी वाचत नाही, नुसता गोंधळ होतो. कंस या वेळी मोजून घातले.

गुरुवारी सकाळी भाऊ आले तेव्हा डोळे सुजलेले होते. मी नवा प्रॉम्प्ट दाखवला. त्यांनी लाइव्ह कुठला, तालीम कुठली, लगेच सांगितलं, दहा फुटांवरून, चष्मा काढूनसुद्धा. माझ्या डोक्यावरून ओझं उतरलं. त्यांच्या डोक्यावर मात्र दुसरंच काही होतं. रात्री त्यांनी बायकोला, रतनबाईंना, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही पहिल्या दिवाळीला हिरवं म्हणून आणलेलं लुगडं विटकरी होतं, मला वाटलं तुम्ही मस्करी करताय, म्हणून मी इतकी वर्षं बोलले नाही.

"आणि सिग्नल?" मी विचारलं. भाऊ रोज मोटरसायकलवर येतात.

"वरचा दिवा लागला की थांबायचं. त्यात रंगाचं काय हाय?"

त्यांना खरी काळजी डॉक्टरची होती. एका निर्दोष माणसाला आपण आयुष्यभर गावोगाव चोर म्हणत फिरलो. तो जिवंत असला तर माफी मागता येईल, पण त्याचं नाव माहीत नाही, कारण भाऊंनी त्याला कायम एका शिवीनेच ओळखलं होतं. मी म्हणालो, भाऊ, आज सर्व्हर हलवू, डॉक्टर उद्या शोधू. ते व्हय म्हणाले. पण त्या दिवशी ते स्वतःच्या डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवायला तयार नव्हते. चहात साखर दिसतेय का, हेसुद्धा त्यांनी मानसीला विचारलं.

काम दुपारी सुरू झालं. मॅडम खुर्ची ओढून भाऊंच्या मागे बसल्या. भाऊंनी जुन्या सर्व्हरवरची बुकिंग थांबवली, सगळं सामान एका कमांडने नव्या सर्व्हरवर पाठवलं. सगळं म्हणजे सगळंच: वेबसाइट, फोटो, सेटिंगच्या फाइली, अख्खं घर. मी वेबसाइटचा पत्ता नव्या मशीनकडे वळवला. मानसीने स्वतःच्या नावाने एक बंगला बुक करून बघितला, बुकिंग झालं. थोड्या वेळात खरी गिऱ्हाईकंही येऊ लागली. शनिवार जवळ होता. सकाळची एक प्रत आमच्याकडे काढून ठेवलेली होती, पण दुपारनंतरची बुकिंगं फक्त नव्या मशीनवर होती.

आता राहिलं पुसायचं. भाऊंनी जुन्या आणि नव्या, दोन्ही मशीनवर पुन्हा लॉगिन केलं, दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या आणि एकीत पुसायची कमांड टाइप केली. ती लांब होती, वळून नीट खालच्या ओळीवर गेली. एंटर दाबायचा बाकी होता.

तेव्हाच मला गोरखचा फोन आला. बंगल्यावर आलेली माणसं म्हणत होती की त्यांनी मघाशीच केलेलं बुकिंग वेबसाइटवर दिसत नाही. पत्ता वळला की काही लोकांना थोडा वेळ जुनं मशीन दिसत राहतं, हे मी गोरखला समजावत होतो आणि गोरख ते पाहुण्यांना समजावत होता. पाहुण्यांना वाटलं की बंगल्याचाच पत्ता बदललाय. ते सामान उचलून गाडीत भरायला लागले. मी फोनवर ओरडून सांगत होतो, बंगला तिथेच आहे.

मागून भाऊ म्हणाले, "आकाश, दोन्हीकडं सारखंच दिसतंय."

मी वळलो नाही. मला कारण माहीत होतं, मानसीला माहीत होतं, आता भाऊंनाही माहीत होतं. मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "भाऊ, रंगाकडे बघूच नका. दाबा एंटर."

मॅडमनी विचारलं, रंगाचं काय.

गोरख म्हणत होता की एक आजोबा गाडीतून उतरायलाच तयार नाहीत. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, दाबा ना भाऊ, तो सांगतोय तर.

भाऊंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

म्हणाले, "रंग न्हाई बघत मी. अक्षरं वाचतोय."

मी वळलो. दोन खिडक्या. दोन्हींत पांढरी पट्टी, दोन्हींत काळी ठळक अक्षरं, दोन्हींत LIVE.

मी फोन तसाच टेबलावर ठेवला. त्यातून गोरख बराच वेळ एकटाच बोलत होता. मग समजलं. प्रॉम्प्टची ती छोटी फाइल जुन्या मशीनच्या घरात होती. अख्खं घर हललं, फाइलही हलली. LIVE ही अक्षरं मी हाताने लिहिली होती. मशीन बदललं म्हणून ती बदलणार नव्हती. आणि मशीनचं स्वतःचं आकड्यांचं नाव, जे बदललं असतं, ते वाचायला सोपं पडावं म्हणून मीच काढून टाकलं होतं.

मॅडम दोन्ही खिडक्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्या म्हणाल्या, "यातला जुना कुठला?"

मी म्हणालो, कमांड टाइप केलेला. मानसी म्हणाली, डावीकडचा. कमांड उजवीकडे होती. खोलीत चांगला स्क्रीन आणि धडधाकट डोळे घेऊन आम्ही तिघं उभे होतो आणि कोणालाच काही सांगता येत नव्हतं. भाऊ म्हणाले की मघाशी खिडक्या शेजारी लावताना त्यांची अदलाबदल झाली असावी, किंवा झाली नसावी. त्यांना आज स्वतःची खात्री नाही.

मी म्हणालो, हॉस्टनेम विचारा. मशीन स्वतःचं नाव सांगेल.

भाऊंनी आधी टाइप केलेली कमांड कंट्रोल-सी दाबून सोडून दिली. मग दोन्हीकडे हॉस्टनेम टाइप केलं. दोन लांबलचक आकडी नावं आली. भाऊंनी ती एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचली. मी भाड्याच्या कागदावरून जुन्या मशीनचं नाव वाचून जुळवलं. शून्य आलं की ते म्हणायचे, "फुलीचं शून्य." जुना सर्व्हर डावीकडे होता. पुसायची कमांड उजवीकडे होती, नव्यावर, जिथे शनिवारची बुकिंगं येत होती.

फोनमधून गोरखने सांगितलं की आजोबा उतरले.

भाऊंनी जुनं मशीन पुसलं. त्याला थोडा वेळ लागला. तोपर्यंत मॅडमनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं: लाल, हिरवा, सोळा, लुगडं. त्यांचा चेहरा सोमवारसारखाच झाला, कशावर चिडायचं ते न कळणारा. त्यांनी भाऊंना सरळच विचारलं, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही आणि तुम्ही माझे सर्व्हर सांभाळता? भाऊ म्हणाले, व्हय. कालपर्यंत त्यांना हे ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे, इतकाच फरक.

मॅडम पुन्हा खिडकीकडे बघायला लागल्या. धुकं होतंच. मग वळून म्हणाल्या, "एजन्सीला 'नको' म्हणून कळवते. काम भाऊंकडेच राहील." आणि त्याच आवाजात माझ्याकडे बघून, "तुझी मात्र ही पहिली वेळ."

मी म्हणालो, कमांड मी दाबली नव्हती. त्या म्हणाल्या, तू न बघता दाबा म्हणालास. तिसऱ्यांदा असं झालं तर वेबसाइटचं काम एजन्सीला जाईल, कोटेशनमध्ये तेही आहे. आणि इथून पुढे मी कुठल्याही सर्व्हरवर काही करायचं असेल तर आधी भाऊंना मशीनचं नाव वाचून दाखवायचं, मोठ्याने.

मानसी म्हणाली, निदान बंगला बुक झालाय, तो तरी ठेवू का. मॅडम नको म्हणाल्या.

संध्याकाळी मी दोन्ही प्रॉम्प्ट पुन्हा लिहायला बसलो. या वेळी नाव हाताने लिहिलं नाही. मशीनचं खरं नाव मशीनकडूनच घ्यायची खूण टाकली, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी नाव तिथलंच येईल. मशीनलाही जरा वाचण्यासारखी नावं दिली. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले, नियमाप्रमाणे. मी नाव वाचून दाखवलं. एक अक्षर चुकलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच चुकलं. माझ्या खिडकीतली अक्षरं खरंच फार बारीक होती आणि मी सकाळपासून स्क्रीनसमोर होतो.

भाऊंनी माऊस स्वतःकडे घेतला आणि माझ्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये शिरले.

"फाँट मोठा करतो तुझा," ते म्हणाले. "हळूहळू सवय व्हईल."